पीटी नॉर्मल, एपीटीटी वाढलेला: रक्त गोठण्याचे मार्ग आणि हिमोफिलियाचे निदान याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहरातील आणि आजूबाजूच्या तालुक्यांतील रुग्णांचे नातेवाईक, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारे तंत्रज्ञ आणि नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेले डॉक्टर यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. भर मुख्यतः एकाच प्रकारच्या रिपोर्टवर आहे: पीटी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम नॉर्मल, आणि एपीटीटी म्हणजे ॲक्टिव्हेटेड पार्शल थ्रॉम्बोप्लास्टिन टाइम वाढलेला. गोठण्याच्या फॅक्टर ८ किंवा ९ च्या उणिवेमुळे होणारा रक्तस्रावाचा आजार म्हणजे हिमोफिलिया. त्याचा माग बहुतेक वेळा याच रिपोर्टपासून सुरू होतो, आणि घोटाळेही याच ठिकाणी सर्वाधिक होतात.

पीटी आणि एपीटीटी या चाचण्यांत नेमके काय केले जाते?

दोन्ही चाचण्या रक्तातील पेशी वेगळ्या केल्यानंतर उरणाऱ्या प्लाझ्मावर होतात. रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतले जाते. त्या नळीतील सोडियम सायट्रेट रक्तातील कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि कॅल्शियमशिवाय गोठण्याची क्रिया पुढे सरकत नाही, म्हणून नमुना पातळ राहतो. लॅबमध्ये योग्य क्षणी कॅल्शियम परत दिले जाते आणि गुठळी होईपर्यंतचे सेकंद मोजले जातात.

फरक आहे तो क्रिया कशाने सुरू करायची यात. पीटीमध्ये प्लाझ्मात टिश्यू फॅक्टर आणि फॉस्फोलिपिड असलेले थ्रॉम्बोप्लास्टिन हे द्रावण कॅल्शियमसह घालतात, आणि साधारण ११ ते १४ सेकंदांत गुठळी होते. एपीटीटीमध्ये टिश्यू फॅक्टर मुळीच नसतो. तेथे फॉस्फोलिपिडसोबत सिलिका, केओलिन किंवा एलॅजिक ॲसिड यांसारखा ऋणभारित पदार्थ घालून नमुना ३७ अंश सेल्सिअसला तीन ते पाच मिनिटे ठेवतात आणि मग कॅल्शियम देतात. यात साधारण २५ ते ३६ सेकंद लागतात. ही मर्यादा द्रावण आणि यंत्र यांनुसार बदलते. म्हणून रिपोर्टवर छापलेल्या त्या लॅबच्या मर्यादेशीच तुलना करावी. राजारामपुरीतील एका लॅबचे सेकंद शाहूपुरीतील दुसऱ्या लॅबच्या सेकंदांशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

आंतरिक, बाह्य आणि सामायिक मार्ग म्हणजे काय?

१९६४ मध्ये इंग्लंडमधील मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेतील डेव्ही व रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे अशी मांडणी केली की गोठण्याचे घटक, म्हणजे फॅक्टर या नावाने क्रमांक दिलेली रक्तातील प्रथिने, एकामागून एक जागे होतात आणि प्रत्येक घटक पुढच्याला जागा करतो. या मांडणीत दोन सुरुवाती आहेत. आंतरिक मार्गात काच किंवा सिलिका यांच्या पृष्ठभागाशी संपर्क आल्यावर फॅक्टर १२ जागा होतो, तो ११ ला आणि ११ हा ९ ला जागा करतो, आणि मग ९ हा फॅक्टर ८ च्या मदतीने १० ला जागा करतो. बाह्य मार्ग आखूड आहे: टिश्यू फॅक्टर आणि फॅक्टर ७ मिळून थेट १० ला जागा करतात. येथून पुढचा मार्ग सामायिक. फॅक्टर १० हा ५ च्या साहाय्याने प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो, आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार करतो.

घटकांचे क्रमांक त्यांच्या कामाच्या क्रमाने दिलेले नाहीत, त्यामुळे पाठ करताना सगळ्यांचीच तारांबळ उडते. व्यवहारात इतके लक्षात ठेवले तरी पुरते: १२, ११, ९ आणि ८ यांतील उणीव फक्त एपीटीटी वाढवते, ७ ची उणीव फक्त पीटी वाढवते, आणि १०, ५, प्रोथ्रॉम्बिन किंवा फायब्रिनोजेन यांची उणीव दोन्ही वाढवते.

हिमोफिलियात बाह्य मार्ग शाबूत असतो, पीटीही नॉर्मल येतो. मग रक्तस्राव का होतो?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी विषय समजून घेत आहे, असे खुशाल मानावे, कारण वरच्या मांडणीतील खरी अडचण त्याने हेरलेली असते. ती मांडणी काचनळीतील घटनांचे अचूक वर्णन करते, पण शरीरात दोन वेगवेगळ्या वाटा अशा समांतर चालत नाहीत.

शरीरात रक्त गोठण्याची सुरुवात जवळजवळ नेहमी टिश्यू फॅक्टरपासून होते. रक्तवाहिनीला इजा झाली की तिच्या भिंतीतील टिश्यू फॅक्टर उघडा पडतो, फॅक्टर ७ त्याला चिकटतो आणि थोडासा फॅक्टर १० जागा होतो. मात्र फॅक्टर १० जागा होताच टिश्यू फॅक्टर पाथवे इन्हिबिटर नावाचे प्रथिन त्याच्याशी जोडले जाऊन ही सुरुवातीची यंत्रणा बंद पाडते. तोपर्यंत तयार झालेले थ्रॉम्बिन जेमतेम असते. त्याचे काम गुठळी पक्की करणे हे नसून प्लेटलेट्स आणि ५, ८ व ११ हे फॅक्टर जागे करणे हे असते. टिश्यू फॅक्टर आणि ७ यांची जोडी बंद पडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करून ठेवते, ती म्हणजे ती फॅक्टर ९ लाही जागा करते. ओस्टेरुड आणि रॅपापोर्ट यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिले, तेव्हा आंतरिक आणि बाह्य यांमधील भिंत प्रत्यक्षात पडली.

येथून पुढे सगळी मदार ८ आणि ९ वर असते. हिमोफिलिया ए मध्ये ८ ची उणीव असते, बी मध्ये ९ ची. प्लेटलेट्सच्या पृष्ठभागावर जागा झालेला ९ आणि त्याचा मदतनीस ८ एकत्र येऊन फॅक्टर १० चा मोठा साठा जागा करतात, त्यातून थ्रॉम्बिनचा लोंढा येतो आणि गुठळी टिकाऊ होते. हिमोफिलियाच्या रुग्णात ठिणगी पडते, पण हा लोंढा येत नाही. म्हणून बारीक ओरखडा प्लेटलेट्सच्या जोरावर थांबतो. गुडघा, घोटा, कोपर यांत किंवा मांडीच्या खोल स्नायूत मात्र रक्त झिरपत राहते, आणि दात काढल्यावर थांबलेला रक्तस्राव काही तासांनी पुन्हा सुरू होतो.

आता पीटी नॉर्मल का येतो, हे सहज कळेल. पीटीच्या द्रावणात टिश्यू फॅक्टर इतका भरमसाट असतो की फॅक्टर १० थेट आणि भरपूर जागा होतो, इन्हिबिटरला आवर घालायला अवधीच मिळत नाही, आणि ८ व ९ यांची गरज भासण्यापूर्वीच गुठळी दिसते. शिवाय दोन्ही चाचण्यांचे घड्याळ पहिले धागे दिसताच थांबते, आणि तोवर एकूण थ्रॉम्बिनपैकी साधारण ५ टक्केच तयार झालेले असते. उरलेले थ्रॉम्बिन किती झाले आणि गुठळी किती मजबूत झाली, हे या चाचण्यांना दिसतच नाही.

फक्त एपीटीटी वाढला म्हणजे हिमोफिलियाच का?

नाही. या एकाच रिपोर्टमागे अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्यांतील काहींत रक्तस्रावाचा धोका मुळीच नसतो.

फॅक्टर १२ ची उणीव हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिच्यात एपीटीटी शंभर सेकंदांच्याही पुढे जाऊ शकतो, तरीही रुग्णाला रक्तस्राव होत नाही. जॉन हेगमन या अमेरिकी रेल्वे कामगाराच्या रक्तात ही उणीव प्रथम सापडली आणि रॅटनॉफ व कोलोपी यांनी १९५५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. हेगमन यांना रक्तस्रावाचा आजार कधीच नव्हता. १९६८ मध्ये कमरेचे हाड मोडल्यानंतर फुप्फुसात गुठळी अडकून त्यांचे निधन झाले. काचनळीत गोठण्यासाठी अत्यावश्यक ठरणारा घटक शरीरात रक्तस्राव थांबवण्यासाठी लागत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

ल्युपस अँटिकोॲग्युलंट हे दुसरे कारण. या प्रतिपिंडांमुळे द्रावणातील फॉस्फोलिपिड निकामी होते, त्यामुळे एपीटीटी वाढतो, पण रुग्णाला धोका असतो तो गुठळ्या होण्याचा. तिसरे कारण हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध. सलाइनच्या किंवा सेंट्रल लाइनमधून नमुना घेतला की त्यातील हेपॅरिनचा अंश रिपोर्ट बिघडवतो. रक्तस्रावाचा इतिहास असेल तर मात्र फॅक्टर ८, ९ आणि ११ यांची उणीव आणि फॉन विलेब्रँड आजार यांचा विचार करावा. फॉन विलेब्रँड फॅक्टर हा रक्तात फॅक्टर ८ चा वाहक असतो. तो कमी पडला की ८ लवकर नष्ट होतो आणि एपीटीटी वाढू शकतो. या आजाराच्या २एन या प्रकारात तर फक्त ८ ला धरून ठेवण्याची क्षमता कमी असते, म्हणून तो सौम्य हिमोफिलिया ए सारखाच दिसतो आणि मुलींतही आढळतो.

चंदगड किंवा आजऱ्याहून पाठवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट विश्वासार्ह असतो का?

नमुना नीट घेतला आणि वेळेत पोहोचला, तर असतो. एपीटीटीसाठी नमुना घेतल्यापासून चार तासांच्या आत चाचणी व्हावी, असा नियम आहे. पीटी याहून बराच जास्त वेळ तग धरतो. उशीर होणारच असेल तर तालुक्याच्या ठिकाणीच नमुना सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा काढावा आणि गोठवून पाठवावा. न फिरवलेले रक्त बर्फात ठेवून पाठवण्याची सवय चांगल्या हेतूची असली तरी अपायकारक आहे. थंडीत फॅक्टर ८ आणि फॉन विलेब्रँड फॅक्टर कमी होतात, तर फॅक्टर ७ आपोआप जागा होऊ शकतो. म्हणजे निरोगी माणसाचा एपीटीटी वाढलेला दिसेल आणि पीटी उगाच आखूड.

नळी खुणेपर्यंत भरणे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण रक्त आणि सायट्रेट यांचे प्रमाण नऊस एक असे ठरलेले असते. नळी अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होते, चाचणीत दिलेले कॅल्शियम त्यालाच खर्ची पडते आणि दोन्ही वेळा वाढतात. लहान मुलाची शीर सापडत नाही, सुई दोनदा फिरवावी लागते आणि रक्त थेंबाथेंबाने येते, तेव्हा नळीतच बारीक गुठळी होण्याचा धोका असतो. अशा नमुन्याचा रिपोर्ट काहीही येऊ शकतो. नळी हलकेच तिरकी करून गुठळी आहे का ते पाहण्याला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि ते पाहिल्याशिवाय नमुना यंत्रात लावू नये.

मिक्सिंग चाचणी कशासाठी करतात?

रुग्णाच्या प्लाझ्मात काहीतरी कमी आहे, की काहीतरी अडथळा आणणारे जास्तीचे आहे, हे ओळखण्यासाठी. रुग्णाचा प्लाझ्मा आणि अनेक निरोगी व्यक्तींचा एकत्र केलेला प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून एपीटीटी पुन्हा करतात. एखादा फॅक्टर रुग्णात शून्य असला तरी मिश्रणात तो जवळपास निम्मा, म्हणजे ५० टक्के होतो, आणि तेवढ्यावर एपीटीटी नॉर्मल येतो. याला दुरुस्ती झाली असे म्हणतात. अडथळा आणणारे प्रतिपिंड असेल तर ते निरोगी प्लाझ्मातील फॅक्टरलाही निकामी करते आणि वेळ वाढलेलाच राहतो.

मिश्रण लगेच तपासून थांबू नये. फॅक्टर ८ विरुद्धची प्रतिपिंडे सावकाश काम करतात, त्यामुळे लगेच केलेल्या चाचणीत दुरुस्ती झाल्यासारखी दिसते आणि ३७ अंशांवर दोन तास ठेवल्यावर वेळ पुन्हा वाढतो. ल्युपस अँटिकोॲग्युलंट मात्र सहसा पहिल्या मिनिटापासून दुरुस्ती होऊ देत नाही. आयुष्यात कधीही रक्तस्राव न झालेल्या वयस्कर व्यक्तीच्या किंवा बाळंतिणीच्या अंगावर अचानक मोठे काळेनिळे डाग उमटले आणि एपीटीटी वाढलेला आढळला, तर दोन तासांची ही पायरी गाळणे धोक्याचे ठरते, कारण अशा वेळी नंतर उद्भवलेला हिमोफिलिया असू शकतो.

एखादे उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

पुढील रुग्ण कल्पित आहे, आकडे मात्र लॅबमध्ये दिसतात तसेच घेतले आहेत. राधानगरी तालुक्यातील चार वर्षांचा मुलगा खेळताना पडला आणि संध्याकाळपर्यंत त्याचा उजवा गुडघा सुजून गरम झाला. ताप नाही, हाड मोडलेले नाही. विचारपूस केल्यावर आई सांगते की दीड वर्षाचा असताना जीभ चावली तेव्हा तीन दिवस रक्त थांबत नव्हते, आणि मुलाच्या मामाचा एक गुडघा लहानपणापासून आखडलेला आहे. ही दोन वाक्ये रिपोर्ट येण्यापूर्वीच बरेच काही सांगतात. सांध्यात रक्त उतरते म्हणजे दोष फॅक्टरचा असावा, आणि आजार आईकडून आलेल्या पुरुषांत दिसतो म्हणजे जनुक एक्स गुणसूत्रावरचे असावे.

प्लेटलेट्स ३,२०,०००. पीटी १२.४ सेकंद, लॅबची मर्यादा ११ ते १४. एपीटीटी ७८ सेकंद, मर्यादा २६ ते ३६. प्लाझ्मात थेट थ्रॉम्बिन घालून मोजलेला थ्रॉम्बिन टाइम नॉर्मल, म्हणजे नमुन्यात हेपॅरिनचा अंश नाही आणि फायब्रिनोजेनही ठीक. बाह्य आणि सामायिक मार्ग पीटीने निर्दोष ठरवले. उरले १२, ११, ९ आणि ८, किंवा मग एखादे प्रतिपिंड.

मिक्सिंग चाचणीत निरोगी प्लाझ्माचा वेळ ३० सेकंद आणि मिश्रणाचा ३३ सेकंद आला. ३३ मधून ३० वजा करून, उरलेल्या ३ ला रुग्णाच्या ७८ ने भागून शंभराने गुणले की ३.८ येते. या गणिताला रोझनर निर्देशांक म्हणतात, आणि तो साधारण १२ च्या खाली असला की दुरुस्ती झाली असे मानण्याची प्रथा आहे, जरी प्रत्येक लॅबने स्वतःची मर्यादा ठरवणे अधिक योग्य. दोन तासांनंतर मिश्रणाचा वेळ ३४ आणि तितकाच वेळ तसाच ठेवलेल्या निरोगी प्लाझ्माचा ३१ आला. म्हणजे दुरुस्ती टिकली, प्रतिपिंड नाही, हा उणिवेचाच प्रकार आहे.

आता कोणता फॅक्टर मोजायचा? हिमोफिलियाच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे चार जणांत उणीव फॅक्टर ८ ची असते, म्हणून पहिला ८ मोजला. तो ९२ टक्के आला. येथे थांबून हिमोफिलिया नाही असे लिहून देणे, ही मोठी चूक ठरली असती. पुढे फॅक्टर ९ मोजला, तो २ टक्के निघाला. ही चाचणी एपीटीटीच्याच पद्धतीने होते. ज्यात फक्त ९ नाही अशा प्लाझ्मात रुग्णाचा विरळ केलेला प्लाझ्मा घालतात, आणि त्याने वेळ किती कमी केला यावरून फॅक्टरचे प्रमाण काढतात. नमुना दोन-तीन वेगवेगळ्या प्रमाणांत विरळ करून उत्तर एकच येते का तेही पाहावे. विरळ करत गेल्यावर आकडा वाढत गेला तर अडथळा आणणारे प्रतिपिंड नजरेतून सुटले आहे, असे समजावे.

फॅक्टर ९ हा व्हिटॅमिन के वर अवलंबून असतो, मग ही त्या व्हिटॅमिनची उणीव कशावरून नाही, अशी शंका योग्य आहे. तिचे उत्तर पीटीमध्ये आहे. व्हिटॅमिन के कमी पडले की फॅक्टर ७ सर्वांत आधी घसरतो, कारण तो रक्तात जेमतेम चार ते सहा तास टिकतो, आणि त्यामुळे पीटी वाढल्याशिवाय राहत नाही. या मुलाचा पीटी नॉर्मल आहे. निदान झाले: मध्यम तीव्रतेचा हिमोफिलिया बी. या आजाराला ख्रिसमस डिसीज असेही नाव आहे, आणि ते १९५२ मध्ये ज्या मुलात तो वेगळा म्हणून ओळखला गेला त्या स्टीफन ख्रिसमस याच्या आडनावावरून आले. नाताळाशी त्याचा संबंध नाही.

ए असो वा बी, उपचार एकच नाही का?

मुळीच नाही. क्रायोप्रेसिपिटेट हे रक्तपेढीतून मिळणारे उत्पादन फॅक्टर ८, फॉन विलेब्रँड फॅक्टर, फायब्रिनोजेन आणि फॅक्टर १३ पुरवते, पण त्यात फॅक्टर ९ नसतो. वरच्या मुलाला हिमोफिलिया आहे एवढ्यावरच ते दिले, तर गुडघ्यातील रक्तस्राव चालूच राहील. त्याला फॅक्टर ९ चे कॉन्सन्ट्रेट हवे, आणि ते मिळेपर्यंत नाइलाजाने फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा. मात्रेचे गणितही वेगळे आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक युनिट फॅक्टर ८ दिल्यावर पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते, तर ९ च्या बाबतीत सुमारे १ टक्क्यानेच. उलट ९ रक्तात जास्त टिकतो, त्याचा अर्धायुष्यकाळ १८ ते २४ तासांचा, तर ८ चा ८ ते १२ तासांचा असतो.

एपीटीटी जितका जास्त, तितका आजार गंभीर असे म्हणता येईल का?

म्हणता येत नाही. फॅक्टर १२ चे उदाहरण वर आलेच आहे. हिमोफिलियातही तीव्रता फॅक्टरच्या टक्क्यांवरून ठरते: १ टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र, १ ते ५ म्हणजे मध्यम, आणि ५ च्या वर ४० पर्यंत सौम्य. एमिसिझुमॅब हे इंजेक्शन घेणाऱ्या हिमोफिलिया ए च्या रुग्णात तर एपीटीटी पूर्ण नॉर्मल किंवा त्याहूनही आखूड येतो, आणि नेहमीच्या पद्धतीने मोजलेला फॅक्टर ८ खोटा वाढलेला दिसतो. हे औषध सुरू असल्याचे लॅबला कळवणे नातेवाइकांनी कधीही विसरू नये.

एपीटीटी नॉर्मल असेल तर हिमोफिलिया नाही, असे समजावे का?

तीव्र हिमोफिलिया नाही, इतकेच समजावे. बहुतेक द्रावणे फॅक्टर साधारण ३० ते ४० टक्क्यांच्या खाली गेल्यावरच वाढ दाखवतात, त्यामुळे सौम्य हिमोफिलिया निसटतो. आपल्याकडे त्याला लपायला आणखी एक जागा आहे. तालमीत मेहनत करणाऱ्या मल्लाचा कान सुजला, मांडीत रक्त साकळले, तर ते कुस्तीच्या खात्यावर जमा होते आणि पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यातच जोर-बैठका मारून थेट लॅबमध्ये आलेल्या माणसाचा फॅक्टर ८ व्यायामामुळे तात्पुरता वाढलेला असतो. ताप आणि गरोदरपणातही तो वाढतो. म्हणून संशय असेल तर एपीटीटीवर न थांबता, शांत बसवून घेतलेल्या नमुन्यात फॅक्टर मोजावा.

फॅक्टर १३ ची उणीव तर या दोन्ही चाचण्यांना कधीच दिसत नाही. तो धाग्यांना एकमेकांत पक्के गुंफतो, म्हणजे घड्याळ थांबल्यानंतर काम करतो. नवजात बाळाची नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहिले आणि दोन्ही रिपोर्ट नॉर्मल असले, तर त्याची वेगळी चाचणी मागावी.

फक्त पीटी वाढला तर?

जन्मजात कारण एकच, फॅक्टर ७ ची उणीव, आणि ती दुर्मीळ आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉलच्या गोळ्या, व्हिटॅमिन के ची सुरुवातीची उणीव किंवा यकृताचा आजार आढळतो.

दोन्ही वाढले तर काय समजावे?

एकाच सामायिक फॅक्टरची जन्मजात उणीव शक्य आहे, पण आधी नेहमीची कारणे पाहावीत: गंभीर यकृतरोग, वाढत गेलेली व्हिटॅमिन के ची उणीव, उंदराचे औषध पोटात जाणे, आणि शरीरभर गुठळ्या होऊन फॅक्टर संपून जाणे. ५ आणि ८ मोजल्याने यांतील बराच गुंता सुटतो. व्हिटॅमिन के च्या उणिवेत दोन्ही शाबूत असतात, यकृतरोगात ५ घटतो पण ८ टिकतो किंवा वाढतो, आणि फॅक्टर संपत असतील तर दोन्ही घटतात.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक कारण कायम मनात ठेवावे, ते म्हणजे घोणस. तिचे विष फॅक्टर १० आणि ५ यांना थेट जागे करते, फायब्रिनोजेन संपून जाते, आणि पीटी व एपीटीटी यांच्या नळ्यांत गुठळीच होत नाही. रात्री पाणी पाजायला गेलेल्या माणसाला चावा जाणवला नसेल, तरी असा रिपोर्ट पाहून पाय तपासावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात यंत्र नसते, तेथे वीस मिनिटांची चाचणी करतात: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन न हलवता ठेवायचे आणि वीस मिनिटांनी तिरके करून पाहायचे. नळी काचेचीच हवी आणि साबणाने धुतलेली नको, कारण ही चाचणी काचेच्या पृष्ठभागाने फॅक्टर १२ जागा होण्यावरच उभी आहे. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहू शकते आणि विनाकारण सर्पविषाचे निदान होते.

मुलाला हिमोफिलिया आहे. बहिणीचा एपीटीटी नॉर्मल आला, म्हणजे ती वाहक नाही ना?

या चाचणीवरून तसे सांगता येत नाही. वाहक स्त्रीत सदोष जनुकासोबत दुसरे चांगले जनुक असते, त्यामुळे तिचा फॅक्टर सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तेवढ्यावर एपीटीटी सहसा नॉर्मलच येतो. फॅक्टर मोजला आणि तो कमी निघाला तर वाहक असल्याची शक्यता बळावते. तो नॉर्मल निघाला तरी शंका मिटत नाही, कारण कोणत्या पेशीत कोणते एक्स गुणसूत्र बंद पडेल हे ठरलेले नसते आणि काही वाहकांची पातळी पूर्ण नॉर्मल असते. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. मात्र तीव्र हिमोफिलियाच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांत कुटुंबात पूर्वी कोणालाच हा आजार नसतो, म्हणून इतिहास नाही एवढ्यावरही निर्धास्त होऊ नये. नेमके उत्तर जनुकीय चाचणीतूनच मिळते, आणि तिच्यासाठी आधी मुलाच्या रक्तातील नेमका बदल शोधून ठेवला, की बहिणीत, मावशीत आणि मावसबहिणीत तोच एक बदल तपासणे सोपे जाते. बहिणीचा स्वतःचा फॅक्टर मात्र कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, दात काढण्यापूर्वी आणि बाळंतपणापूर्वी मोजलेला असावा, कारण ४० टक्क्यांच्या खाली असलेल्या वाहक स्त्रियांना रक्तस्राव होऊ शकतो, आणि मासिक पाळीत होणारा अतिरिक्त रक्तस्राव हे त्यांच्यातील पहिले लक्षण असू शकते. फॅक्टर ८ गरोदरपणात वाढत जातो, ९ मात्र फारसा वाढत नाही. म्हणून हिमोफिलिया बी च्या कुटुंबातील गरोदर मुलीच्या बाबतीत आठव्या महिन्यात ही पातळी पुन्हा पाहावी आणि तो कागद प्रसूतीच्या फाइलला जोडून ठेवावा.